लटकताना पीळ घेणारा टाय: दोष शिलाईत आहे की कापणीत, हे कसे ओळखावे

टाय शिवून देताना आरशासमोर अगदी सरळ दिसतो, आणि चार-सहा वेळा बांधून झाला की त्याचे पुढचे रुंद पान हळूहळू एका बाजूला वळू लागते. गिऱ्हाईक हाताने ते सरळ करते, दहा मिनिटांनी ते पुन्हा वळते आणि मागची शिवण समोरून दिसू लागते. बेळगावात शहापूर-वडगावच्या मागांवरचे रेशीम मीटरवर घेऊन त्याचाच टाय शिवून मागणारे पुष्कळ आहेत. लग्नात नवरदेवाचा टाय नवरीच्या साडीशी जुळावा, एवढीच बहुतेकांची अपेक्षा असते. अशा टायांमध्ये ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा आली, की तिचे मूळ शोधण्याची एक ठरावीक पद्धत मला बसवावी लागली. ती पद्धत मी येथे एका प्रत्यक्ष उदाहरणासह मांडत आहे.

टाय उरेब, म्हणजे ताण्याशी आणि बाण्याशी ४५ अंशांत तिरका कापतात, हे बहुतेक शिंप्यांना ठाऊक असते. न्यूयॉर्कचे टाय बनवणारे जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२०च्या दशकात उरेब कापलेला आणि तीन तुकडे जोडून केलेला टाय रूढ केला, आणि पुढचे पान, मानेचा तुकडा व मागचे शेपूट ही तीच रचना आजही चालते. उरेब कापडाला थोडा ताण मिळतो, त्यामुळे गाठ नीट बसते आणि सोडल्यावर कापड मूळ आकारात परत येते. परंतु याच गुणात दोषाचेही बीज आहे. सरळ कापलेल्या कापडाचे वजन एकाच जातीच्या धाग्यांवर पडते, तर उरेब कापडाचे वजन ताणा आणि बाणा हे दोघे मिळून पेलतात. दोघे सारख्याच कोनातून पेलत असतील तर कापड सरळ खाली येते. एकाचा कोन थोडा उभा आणि दुसऱ्याचा थोडा आडवा झाला, तर उभ्या धाग्यावर भार अधिक येतो आणि कापड त्याच्या बाजूला कलते. टाय ही दुमडून केलेली नळीच असल्यामुळे हा कल तिच्यात पिळाच्या रूपाने दिसतो.

गिऱ्हाईक सगळ्याच दोषांना ‘टाय वाकडा झाला’ असे म्हणते, पण वाकडेपणाचे प्रकार वेगळे असतात आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असते. तपासण्यासाठी टायचा मधला, मानेवरचा भाग दोन बोटांत धरावा, दोन्ही टोके मोकळी खाली सोडावीत आणि एक-दोन मिनिटे हात न हलवता पाहावे. टोक स्वतःभोवती फिरत असेल, म्हणजे समोरची बाजू डावीकडे किंवा उजवीकडे वळत असेल, तर कापडाच्या धाग्यात खोट असण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. टोक फिरत नाही, पण पान धनुष्यासारखे मागे ओढले जाते आणि मागच्या शिवणीवर बारीक चुण्या दिसतात, तर दोष हातशिलाईच्या धाग्याचा असतो, कारण तो कापडापेक्षा आखूड पडलेला असतो. टोक फिरतही नाही आणि वाकतही नाही, फक्त कडेला लाटा येतात किंवा कडेजवळ एक उभी धार उमटते, तेव्हा आतले कॅनव्हास रुंदीला किंवा धाग्याला चुकलेले असते. हा भेद डोळ्यांत बसला की निम्मे काम होते. पीळ घेणाऱ्या टायची मागची शिवण उसवून ती पुन्हा घालत बसणे ही सर्वांत अधिक वेळ खाणारी चूक आहे, आणि ती मी स्वतः अनेक वर्षे केली आहे.

आता उदाहरण. गेल्या पावसाळ्यात निपाणीकडचे एक गृहस्थ आपल्या मुलाच्या लग्नातला टाय घेऊन आले. “मास्तर, लग्नात बरा होता, आता गळ्यात सरळ ऱ्हाईना झालाय बघा,” असे ते म्हणाले. टाय मीच उन्हाळ्यात शिवला होता. कापड रेशमी होते, रुंदी ४६ इंच, आणि त्यांनी दीड मीटर घेतले होते. त्यातले निम्म्याहून थोडे कमी टायला लागले आणि उरलेला सुमारे ३२ इंचांचा तुकडा त्यांनी जपून सोबत आणला होता. त्या तुकड्यामुळेच पुढचा उलगडा झाला, म्हणून टाय देताना उरलेले कापड गिऱ्हाईकाला परत देण्याचा आणि ते ठेवून द्यायला सांगण्याचा परिपाठ मी ठेवला आहे.

मधोमध धरून लटकवल्यावर पुढचे पान मिनिटभरात डावीकडे जवळजवळ पाव फेरा वळले. शेपूट कमी वळले, पण वळले त्याच दिशेला. दोन्ही टोके एकाच दिशेला वळतात, तेव्हा दोष एखाद्या जोडाचा नसून संपूर्ण कापणीचा असावा, असा माझा अनुभव आहे. तरीही अंदाजावर न थांबता मी थर एकेक करून मोकळे केले. प्रथम मागचा धागा सैल केला, कारण त्याला काहीच खर्च येत नाही. एका टोकाची गाठ सोडून धागा सुमारे १२ इंच मोकळा केला आणि टाय पुन्हा धरला. पीळ तसाच राहिला. नंतर धागा पूर्ण काढून कॅनव्हास बाहेर घेतले आणि ते एकटे लटकवले. ते सरळ लोंबले. शेवटी रिकामे रेशीम लटकवले, आणि कॅनव्हासचा आधार गेल्यामुळे ते आधीपेक्षाही लवकर वळले. तेवढ्यावर गुन्हेगार ठरला. याउलट रिकामे रेशीम सरळ राहिले असते आणि कॅनव्हास फिरले असते, तर फक्त कॅनव्हास नवे कापून काम भागले असते.

मग उरलेल्या तुकड्याकडे वळलो. कात्रीने कापलेल्या कडेवर विश्वास ठेवू नये, कारण दुकानात कापड फाडलेले नसून डोळ्यांच्या अंदाजाने कापलेले असते. मी एका काठाजवळ लहान छेद देऊन बाण्याचा एक धागा सुईच्या टोकाने उचलला आणि तो हळूहळू ओढत दुसऱ्या काठापर्यंत नेला. धागा तुटला की तुटलेल्या जागेपर्यंत कापून पुढचे टोक पुन्हा पकडावे लागते, पण धीर धरला तर दहा मिनिटांत कापडावर बाण्याची खरी रेघ उघडी पडते. ही रेघ काठाशी काटकोनात असायला हवी होती. मोठी काटकोन पट्टी लावून पाहिले, तर ४६ इंचांच्या रुंदीत ती दोन इंच खाली उतरलेली निघाली, म्हणजे बाणा सुमारे अडीच अंश कललेला होता. मी कापताना काठाला ४५ अंशांची पट्टी लावून तिरकी रेघ ओढली होती. ती रेघ ताण्याशी बरोबर ४५ अंश होती, पण बाण्याशी तिचा कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा पडला होता. माझी पट्टी चुकली नव्हती. कापड चौकोनी नव्हते, आणि ते पाहण्याचे काम मी केले नव्हते.

माग कितीही चांगला असला तरी कापड उतरताना, गुंडाळताना आणि दुकानात घडी घालताना बाणा थोडा कलतो. साडीला त्याने काही बिघडत नाही, कारण ती अंगावर सरळ धाग्यात नेसली जाते. टायला मात्र तेवढाही कल पुरतो. उन्हाळ्यात शिवलेला टाय पावसाळ्यात वळतो, याचेही कारण यातच आहे. इस्त्रीने दाबून बसवलेले रेशीम आपल्याकडच्या जून-जुलैच्या दमट हवेत ओल शोषते, सैल पडते आणि धागे जिथे राहू पाहतात तिथे परत जातात. म्हणूनच इस्त्रीने सरळ केलेला पीळ हा गेलेला पीळ नसतो. कापून झालेले रेशीम उलट दिशेने ओढून, वाफ देऊन मी एक-दोनदा वाचवण्याचा प्रयत्न केला आहे. पहिल्या पावसाळी आठवड्यात दोन्ही टाय परत आले. कललेल्या धाग्यात कापलेला टाय वाचत नाही, तो नव्याने कापावा लागतो, हे गिऱ्हाईकाला पहिल्याच भेटीत सांगणे मला अधिक योग्य वाटते.

निपाणीच्या टायसाठी उरलेला तुकडा पुरेसा होता. उरेब पट्टी ३० इंच लांब असली तरी ताण्याच्या दिशेने तिला सुमारे २१ इंच लागतात, आणि साडेसात इंच रुंदीसाठी आणखी साडेपाच इंच धरावे लागतात. म्हणजे पुढचे पान ३२ इंचांत आरामात बसते आणि शेपूट व मानेचा तुकडा त्याच्या शेजारी समांतर मांडता येतात. येथे एक मोह टाळावा लागतो. कापड वाचवण्यासाठी शेपूट उलट्या तिरक्या दिशेला मांडले तर कापणी आटोपशीर होते, पण जिथे पुढच्या पानात ताणा डावीकडून उजवीकडे चढतो, तिथे शेपटात तो उजवीकडून डावीकडे चढू लागतो आणि जोडाच्या दोन्ही बाजूंचे कापड वेगवेगळ्या रीतीने ताणले जाते. तुकडा खालचे टोक वर असा फिरवून मांडला तर चालतो, पण पालथा किंवा काटकोनात वळवून मांडलेला चालत नाही. पट्ट्यांच्या कापडात ही चूक डोळ्यांना लगेच दिसते; एकरंगी रेशमात मात्र ती लपते, म्हणून मी प्रत्येक तुकड्याच्या उलट बाजूला ताण्याच्या दिशेने खडूचा एक छोटा बाण काढून ठेवतो.

कापण्याआधी कापड चौकोनी करावे लागते. प्रथम एका कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून, वाळल्यावर डाग उरत नाही ना, हे पाहिले. मग तुकडा ओल्या सुती फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवला. बाणा ज्या दिशेला उतरला होता त्यामुळे कापडाचा एक कर्ण आखूड आणि दुसरा लांब झालेला असतो. आखूड कर्णाची दोन टोके दोघांनी धरून सावकाश, झटका न देता ओढायची असतात, आणि मग शेजारचे भाग धरून तेच करत कापडभर जायचे असते. त्यानंतर फळीवर काटकोनात आखलेल्या रेघांना काठ आणि बाण्याची रेघ जुळवून दर दोन इंचांवर टाचण्या लावल्या आणि कापड रात्रभर सावलीत वाळू दिले. सकाळी टाचण्या काढल्यावर बाण्याचा कल दोन इंचांवरून पाव इंचावर आला होता. तो पूर्ण शून्य होत नाही आणि तशी गरजही नसते, कारण राहिलेला फरक पुढच्या पायरीत विभागता येतो.

ती पायरी अशी. तिरकी रेघ पट्टीने न आखता कापड असे दुमडावे, की ओढलेल्या धाग्याची रेघ बरोबर काठावर येईल. घडीची कड ही ताणा आणि बाणा यांच्यामधला कोन दोन सारख्या भागांत वाटते, मग तो कोन ९० अंश असो की त्याहून थोडा कमी-जास्त. पट्टीने ४५ अंश मोजले की सगळा फरक एकट्या बाण्याच्या माथी येतो, घडीने तो दोघांत निम्मा निम्मा वाटला जातो. घडीवर इस्त्री करू नये, नाहीतर टायच्या अंगावर ती रेघ कायमची राहते. कच्च्या धाग्याने तिची खूण करून कापड उलगडावे. रेशीम कात्रीखाली सरकते, म्हणून मी ते सुती चादरीवर एकेरी पसरतो, नमुन्याची मधली रेघ कच्च्या धाग्यावर ठेवतो, वर वजने ठेवतो आणि एक हात कापडावर सपाट दाबून कापतो. दुहेरी कापड एकदम कापले तर खालचा थर हमखास सरकतो.

येथेच एक लहान चाचणी करावी, तिने पुढचे सगळे श्रम वाचतात. उरलेल्या कापडातून त्याच तिरक्या रेघेला समांतर अशी दोन इंच रुंद आणि दीड-दोन फूट लांब पट्टी कापावी, तिचे वरचे टोक फळीला टाचावे, खालच्या कडेला मधोमध कपड्याचा एक चिमटा लावावा आणि तासभर सोडून द्यावे. चिमटा समोर तोंड करून राहिला तर धागा बरोबर आहे. तो वळला तर मुख्य तुकडे कापायचे थांबावे आणि कापड पुन्हा चौकोनी करावे. निपाणीच्या कापडाची पट्टी तासाभरानंतरही सरळ होती.

जोडांविषयी थोडक्यात सांगतो. तिन्ही तुकड्यांची टोके धाग्याच्या सरळ दिशेने, म्हणजे टायच्या लांबीशी तिरकी कापलेली असावीत, त्यामुळे शिवण लांबत नाही आणि जाडी एका जागी साचत नाही. मशिनचा ताण थोडा सैल ठेवावा आणि शिवण उघडून दाबावी.

कॅनव्हासविषयी मात्र सविस्तर लिहायला हवे, कारण आपल्याकडे टायसाठी विणलेले लोकरीचे कॅनव्हास सहसा मिळत नाही आणि शिंपी कॉलरचे बकरम किंवा चिकटणारे फ्यूजिंग वापरतात. चिकटणाऱ्या फ्यूजिंगने रेशमाचे धागे जागच्या जागी गोठतात आणि उरेब कापण्याचा उद्देशच संपतो. त्यापेक्षा मऊ, विणलेले लोकरी कापड, अगदी जुन्या कोटाचेही, चालते. तेही नसेल तर जाड सुती फ्लॅनेल एकदा धुऊन, आटवून वापरावे. तेही रेशमासारखेच धागा ओढून, घडी घालून उरेब कापावे. त्याची रुंदी तयार टायच्या रुंदीइतकीच असावी: पुढच्या पानाला तयार रुंदी सव्वातीन इंच हवी असेल तर कॅनव्हास सव्वातीन इंच, आणि रेशीम साडेसात इंच. रेशमाच्या दोन्ही बाजू मागे वळल्या की एका कडेचा अर्धा इंच आत दुमडला जातो आणि अर्धा इंच दुसऱ्यावर चढतो. कॅनव्हास पाव इंचाने जरी अरुंद राहिले तरी कडा आतून पोकळ राहते आणि तिथे लाट येते. रुंद झाले तर त्याची कड रेशमावर धार उमटवते. रेशीम कॅनव्हासभोवती फक्त गुंडाळायचे असते, ताणून बसवायचे नसते, आणि दोन्ही बाजूंच्या घडीतले अंतर मधल्या रेघेपासून दर चार-पाच इंचांवर मोजावे लागते. घडी एका बाजूला सरकली तर चांगल्या कापलेल्या टायमध्येही थोडा पीळ येतो. मी कच्चा धागा मारूनच पुढे जातो, आणि कडा इस्त्रीने चपट्या करत नाही. ओल्या फडक्यावरून वाफ देऊन हाताने थापल्या की त्या गोल राहतात.

शेवटी हातशिलाई. ही सरकत्या टाक्याची शिलाई आहे आणि तिचा हेतू कापड घट्ट बांधणे हा नसून त्याला धाग्यावरून सरकू देणे हा आहे. टाय बांधताना लांबीला एखाद-दीड इंच ताणला जातो आणि नंतर परत येतो, धागा मात्र ताणला जात नाही. म्हणून जोड नसलेला एकच लांब रेशमी धागा घेतो; ५८ इंचांच्या टायला मी ८० इंच घेतो. टोकापासून साधारण सहा इंच वर एक आडवा घट्ट टाका घालून दोन्ही कडा अडकवतो, आणि तेथून मानेकडे अर्ध्या-अर्ध्या इंचाचे टाके घालत जातो. सुई एका कडेच्या घडीतून सरकते, कॅनव्हासचे दोन-तीन धागे उचलते आणि दुसऱ्या कडेत शिरते. पुढच्या रेशमाला ती कधीही लागू नये. दर सहा इंचांवर थांबून टाय दोन्ही हातांनी लांबीला ओढावा. धागा सरकला आणि चुणी पडली नाही तर पुढे जावे, अडला तर शेवटचे चार टाके उसवावेत. दुसऱ्या टोकाला तसाच घट्ट टाका घातल्यावर धागा लगेच कापू नये. पुढे दीड इंचाचा मोकळा फास आतल्या बाजूला सोडून मगच गाठ मारावी. टाय ताणला की हा फास आत ओढला जातो आणि सोडला की बाहेर येतो. तयार टाय विकत घेतला तरी शेपटाच्या टोकाशी आत बोट घालून हा फास आहे का, हे पाहता येते.

तयार झालेला टाय मी दोन दिवस खिळ्याला मधोमध टांगून ठेवला, बाहेर पाऊस सुरू होताच. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाने समोर तोंड करून होती. दिवाळीनंतर ते गृहस्थ दुसऱ्या कामासाठी आले तेव्हा टाय मागवून पाहिला. पीळ नव्हता, मात्र फास दीड इंचाचा एक इंच उरला होता, म्हणून त्या टोकाचे चार टाके सोडून धागा पुन्हा मोकळा करून दिला.

पॉलिस्टरच्या कापडाला मात्र ही पद्धत पूर्ण लागू होत नाही. कारखान्यात उष्णतेने बसवलेल्या पॉलिस्टरचा बाणा कललेला असेल तर तो पाण्याने किंवा ओढून चौकोनी होत नाही, झाला असे वाटले तरी वाळल्यावर परत जातो. अशा कापडात ओढण्याची पायरी सोडून द्यावी, धाग्याची रेघ काठावर आणून घडीनेच तिरकी दिशा ठरवावी आणि चिमट्याची चाचणी तासभराऐवजी रात्रभर करावी. तिथेही पट्टी वळली तर त्या कापडाचा टाय शिवायला मी घेत नाही.